बुटाच्या तळावरचं नाव कोणाचं?

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधी ना कधी असा एक फोटो येतोच. उलटा धरलेला बूट किंवा चामडी सँडल, तळावर अर्धवट झिजलेली अक्षरं आणि खाली प्रश्न: "ही कुठल्या कंपनीची? अगदी अशीच हवी आहे." उत्तरं पटापट येतात. कुणी म्हणतं 'व्हायब्रम', कुणी 'गुडइयर', कुणी फोटो मोठा करून 'व्हेरो कुओयो' असं काहीतरी वाचून दाखवतं. मग दुकानात जाऊन ते नाव सांगितलं की दुकानदार मान हलवतो, कारण त्या नावाचे बूट त्याने कधी विकलेलेच नसतात. वाचणाऱ्याने अक्षरं बरोबरच वाचलेली असतात. तळावर ते नाव खरोखर असतंही. फक्त ते बूट विकणाऱ्या कंपनीचं नसतं.

फोटोवरून पादत्राणाचा ब्रँड ओळखताना सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. बूट हा एका हातचा माल क्वचितच असतो. तळ एका कारखान्यातून येतो, टाच दुसऱ्याकडून, चामडं तिसऱ्याकडून आणि वरचा भाग चौथ्या ठिकाणी शिवला जातो. यातला प्रत्येक जण आपली खूण आपल्या भागावर उठवतो. रबराच्या तळावरचं नाव साच्यातच कोरलेलं असतं, त्यामुळे ते वर्षानुवर्षं टिकतं. ज्याच्या नावाने बूट विकला जातो, त्या ब्रँडचं नाव मात्र बहुतेक वेळा आत, सुखतळ्यावर, सोनेरी किंवा रुपेरी छापात असतं. नेमकी त्याच जागी टाच रोज घासली जाते. म्हणजे जे नाव आपल्याला हवं असतं ते आधी पुसलं जातं आणि ज्याचा फारसा उपयोग नसतो ते ठळक राहतं. म्हणून तळापासून सुरुवात करावी, पण तळावर थांबू नये.

तळावरचे पाहुणे

तळावर वारंवार दिसणारी काही नावं एकदा ओळखून ठेवली, तर निम्मा गोंधळ संपतो.

पिवळ्या अष्टकोनात 'व्हायब्रम' दिसलं, तर तो इटलीतल्या एका रबरी तळ बनवणाऱ्या कंपनीचा शिक्का आहे. १९३५ मध्ये आल्प्समध्ये झालेल्या एका दुर्घटनेत आपले सहकारी गमावल्यावर व्हिताले ब्रामानी या गिर्यारोहकाने घसरणार नाही असा रबरी तळ तयार करायला घेतला आणि १९३७ मध्ये तो बाजारात आणला. त्याच्याच नावाची अक्षरं जोडून कंपनीचं नाव झालं. आज हा तळ जगभरच्या असंख्य ब्रँडांच्या बुटांना लागतो. त्यामुळे 'व्हायब्रम' वाचून तळ कुणाचा हे कळतं, बूट कुणाचा हे कळत नाही.

ऑफिसच्या बुटांच्या तळावर गोल गोल बसके खुंट आणि मधल्या निमुळत्या भागात 'डेनाइट' हे नाव दिसलं, तर तो तळ इंग्लंडमधल्या मार्केट हार्बरो गावच्या एका रबर कारखान्याचा आहे. तोही अनेक इंग्रजी आणि परदेशी ब्रँड वापरतात. निदान एवढा अंदाज बांधता येतो की बूट साधारण वरच्या किमतीचा आहे, कारण स्वस्त बुटाला असा विकतचा नामांकित तळ सहसा कुणी लावत नाही.

'व्हेरो कुओयो' हा तर ब्रँडही नाही आणि कारखानाही नाही. इटालियन भाषेत त्याचा अर्थ इतकाच की तळ खऱ्या चामड्याचा आहे. हा शिक्का बहुधा पसरलेल्या कातड्याच्या आकृतीत असतो, त्यामुळे तो बोधचिन्हासारखा दिसतो आणि लोक त्यालाच कंपनी समजतात. 'वेरा पेल्ले', जर्मन 'एख्ट लेडर', फ्रेंच 'क्युइर' आणि आपल्याकडचं 'जेन्युइन लेदर' ही सगळी त्याच जातीची. त्यांतून माल कशाचा हे समजतं, आणि भाषेवरून तो कुठल्या देशात बनला किंवा कुठे विकायला काढला होता, याचा पुसटसा अंदाज येतो.

'गुडइयर वेल्टेड' या शब्दांनी तर टायरची आठवण होते. इथे मात्र तो शिलाईच्या पद्धतीचा उल्लेख आहे. बुटाच्या कडेने चामड्याची एक अरुंद पट्टी फिरवायची, वरचा भाग तिला शिवायचा आणि मग त्याच पट्टीला बाहेरून तळ शिवायचा, अशी ही रीत. ते काम यंत्राने करण्याच्या पद्धतीला चार्ल्स गुडइयर धाकट्याचं नाव चिकटलं. रबरावरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या चार्ल्स गुडइयरचा हा मुलगा. टायर बनवणाऱ्या कंपनीनेही पुढे त्याच संशोधकाच्या सन्मानार्थ हे नाव घेतलं आणि घोळ कायमचा झाला. त्यात भर म्हणजे 'निओलाइट' नावाचा कृत्रिम तळ खरोखरच त्या टायर कंपनीने काढला होता. जुन्या अमेरिकन बुटांवर तो शिक्का सापडतो. तिथे 'गुडइयर' शब्दाचा संबंध टायरवाल्यांशी असतो, पण बुटाच्या ब्रँडशी तरीही नसतो.

आपल्या बाजारातला तळ

भारतीय सँडल आणि बुटांच्या बाबतीत चित्र थोडं वेगळं आहे. मुंबईत ठक्कर बाप्पा कॉलनीसारख्या वस्त्यांमध्ये छोट्या कारखान्यांतून पादत्राणं बनतात. आग्रा आणि कानपूर इथेही लहानमोठे कारखाने आहेत. अशा छोट्या कारखान्यात तळ सहसा बनत नाही. तो तयार, साच्यातून काढलेला, मापाप्रमाणे घाऊक विकत आणतात. वरचा भाग शिवतात, तो फर्म्यावर ओढून बसवतात, पेस्टिंग करून तळ चिकटवतात आणि सगळ्यात शेवटी सुखतळा बसवतात. सुखतळ्यावर कोणतं नाव छापायचं, हे माल मागवणारा व्यापारी ठरवतो. एकाच टेबलावर तयार झालेली, एकच तळ असलेली सँडल तीन वेगवेगळ्या नावांनी तीन दुकानांत जाऊ शकते. म्हणून आपल्याकडच्या साध्या सँडलच्या तळावर 'टीपीआर' किंवा 'पीयू', मापाचा आकडा आणि 'मेड इन इंडिया' एवढंच असेल, तर तळावरून ब्रँड शोधण्यात वेळ घालवू नये. टीपीआर आणि पीयू ही तळाच्या पदार्थाची नावं आहेत. कारखान्याशी त्यांचा संबंध नाही.

साच्यातल्या तळावर मात्र एक उपयोगी खूण कधीकधी सापडते. नाण्याहून लहान वर्तुळ, त्याच्या कडेने १ ते १२ आकडे, मध्ये एक बाण आणि बाणाच्या दोन्ही बाजूंना वर्षाचे दोन अंक. ही साच्यात बसवलेली तारखेची चकती. बाण ज्या आकड्याकडे असेल त्या महिन्यात तळ ओतला गेला. बूट नेमका कधी विकला गेला हे त्यातून कळत नाही, पण तो त्याआधीचा नसणार हे पक्कं. 'आजोबांच्या काळचा' म्हणून विकायला काढलेल्या बुटाच्या तळावर अलीकडचं वर्ष निघालं, की एक तर तळ बदललाय किंवा गोष्ट रचलेली आहे.

दुसरी खूण त्याहून मोलाची. पादत्राणावर किंवा त्याच्या खोक्यावर आयएसआयचं चिन्ह असेल, तर चिन्हाच्या वर भारतीय मानकाचा क्रमांक असतो आणि खाली `CM/L` ने सुरू होणारा परवाना क्रमांक. हा परवाना ब्रँडला नव्हे, विशिष्ट उत्पादकाला, त्याच्या विशिष्ट कारखान्यासाठी दिलेला असतो. भारतीय मानक ब्युरोच्या `BIS Care` या अ‍ॅपमध्ये परवाना तपासण्याच्या जागी तो क्रमांक टाकला, की उत्पादकाचं नाव, पत्ता आणि परवान्याची मुदत समोर येते. सुखतळ्यावरचं नाव पुसलेलं असलं तरी इथून धागा सापडतो. फोटो काढताना ते चिन्ह दिसत असेल, तर त्याचा एक वेगळा, जवळून काढलेला फोटो हवाच.

युरोपात विकण्यासाठी बनलेल्या जोड्यांवर बहुधा शब्दांऐवजी चित्रं असतात. १९९४ च्या युरोपीय नियमानुसार वरचा भाग, आतलं अस्तर आणि बाहेरचा तळ या तिन्हींचा मुख्य पदार्थ छोट्या चित्रांनी किंवा शब्दांत दाखवावा लागतो. पसरलेलं कातडं म्हणजे चामडं, कातड्याच्या आत चौकट म्हणजे वर थर दिलेलं चामडं, विणीची जाळी म्हणजे कापड आणि नुसती तिरकी चौकट म्हणजे इतर पदार्थ. हीही चित्रं बोधचिन्ह समजून शोधणारे लोक आहेत. त्यांचा खरा उपयोग पडताळणीसाठी होतो. आत 'पूर्ण चामड्याचा' असं छापलंय आणि तळाच्या चित्रात नुसती चौकट आहे, असं दिसलं तर कुठेतरी पाणी मुरतंय.

सुखतळा वाचायचा कसा

आता खऱ्या जागेकडे वळू. सुखतळ्यावरचं नाव दोन प्रकारे उठवतात. एक तर तापवलेल्या ठशाखाली सोनेरी किंवा रुपेरी फॉइल ठेवून ते चामड्यावर दाबतात, नाहीतर नुसता ठसा दाबून अक्षरं खोल करतात. पहिल्या प्रकारात रंग घासून जातो, पण ठशाने चामड्यात पाडलेली हलकी खोली बरेचदा मागे राहते. डोळ्यांना कोरा दिसणारा सुखतळा म्हणूनच पूर्ण कोरा नसतो.

ही खोली फोटोत पकडायची तर प्रकाश वरून नको, बाजूने हवा. खोलीतले दिवे बंद करावेत, बूट खिडकीपासून दूर ठेवावा आणि दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च सुखतळ्याला जवळजवळ टेकवून, आडवा धरावा. अक्षरांच्या कडांना बारीक सावल्या पडतात आणि पुसलेलं नाव वर येतं. टॉर्च एकदा टाचेच्या बाजूने, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून फिरवून प्रत्येक वेळी फोटो घ्यावा, कारण उभी रेघ एका दिशेच्या प्रकाशात उठते आणि आडवी दुसऱ्या. कॅमेरा मात्र अक्षरांच्या अगदी समोर असावा. तिरका धरला की अक्षरांचे आकार बदलतात. फ्लॅश बंद ठेवावा, कारण तो समोरून येतो आणि सगळ्या सावल्या मारून टाकतो. नंतर फोटो कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट वाढवला, की आणखी एखाददुसरं अक्षर हाती लागतं.

दोन्ही पायांचे फोटो घ्यावेत, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपण दोन्ही पायांवर सारखा भार देत नाही, त्यामुळे डाव्या सुखतळ्यावर जे अक्षर गेलं ते उजव्यावर शिल्लक असू शकतं. दोन अर्धवट नावं एकाखाली एक मांडली की पुष्कळदा पूर्ण नाव जुळतं. तळावरच्या खोल शिक्क्यासाठी तर फोटोचीही गरज नाही. पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिलची आडवी धार हलकेच घासली की शिक्का कागदावर उतरतो. एक गोष्ट मात्र करू नये: अक्षरं दिसावीत म्हणून सुखतळा ओल्या फडक्याने पुसणं. ओलं चामडं फुगतं, ठशाची खोली भरून येते आणि उरलंसुरलं फॉइल फडक्याला लागतं.

सुखतळ्याचा आकारही बोलतो. इंग्रजी पद्धतीच्या वेल्ट शिलाईच्या बुटांत तो बहुधा टाचेपुरताच असतो आणि पुढे आतला जाड चामडी तळ उघडा दिसतो. वेल्टची शिलाई बाहेरच्या पट्टीतून जात असल्यामुळे आत टाके दिसत नाहीत. इटालियन धाटणीच्या बऱ्याच बुटांत तळ थेट आतून शिवलेला असतो. ती ब्लेक शिलाई. तिचे टाके आतल्या तळाच्या कडेने फिरताना दिसतात, किंवा ते झाकायला पूर्ण लांबीचा सुखतळा घातलेला असतो. म्हणजे आत टाक्यांची रांग दिसत असेल आणि सुखतळ्यावर 'गुडइयर वेल्टेड' छापलेलं असेल, तर छापलेल्या शब्दापेक्षा टाक्यावर विश्वास ठेवावा.

एक बूट, चार फोटो

हे सगळं एका उदाहरणात एकत्र पाहू. समजा, एका घरातल्या जुन्या ट्रंकेत काळे, दोरीचे, पुढे साधी टोपी शिवलेले ऑफिसचे बूट निघाले. काका कधीतरी विलायतेत नोकरीला होते, एवढीच माहिती. चार फोटो आले: तळ, टाच, सुखतळा आणि बुटाच्या आतली बाजू.

टाचेवर रबरी तुकड्यावर एक नाव अगदी स्पष्ट आहे. ते सगळ्यात आधी बाजूला ठेवायचं. टाच हा बुटाचा सगळ्यात लवकर झिजणारा आणि वारंवार बदलला जाणारा भाग. हा तुकडा इथल्याच मोच्याने लावलेला असणार, आणि त्याच्या कडेचे खिळे जुन्या खिळ्यांच्या भोकांशी जुळत नाहीत, यावरून ते पक्कं होतं. तळ चामड्याचा आहे. पुढचा भाग घासून गेला असला तरी मधला निमुळता भाग जमिनीला टेकत नाही, म्हणून शिक्के तिथेच टिकतात. टॉर्च आडवा धरल्यावर तिथे 'इंग्लंड' एवढा शब्द वाचता आला. देश कळला, नाव नाही.

सुखतळा टाचेपुरताच, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे वेल्ट पद्धतीला धरून. त्यावर सोनं जवळजवळ गेलेलं. डाव्या बुटात मधली चार अक्षरं उठली: `URCH`. उजव्यात शेवटचा `S` आणि त्याच्या आधीची वर टांगलेली खूण. खाली 'कस्टम ग्रेड' यातला दुसरा शब्द, आणि त्याच्याही खाली शहरांची ओळ: लंडन, न्यू यॉर्क, पॅरिस.

इथे नॉर्थॅम्प्टनचं 'चर्चेस' हे नाव सुचतं. इंग्लंडमधल्या या गावाची ख्यातीच बुटांची, आणि ही कंपनी तिथे १८७३ मध्ये सुरू झाली. पण चार अक्षरं जुळली म्हणून निकाल देऊ नये. दुसरा साक्षीदार हवा. तो आतल्या अस्तरावर, काठाजवळ, शाईने हाताने लिहिलेला सापडतो: `80 F 73`. ही ओळ गिऱ्हाइकासाठी नसते, कारखान्यासाठी असते. म्हणूनच ती सजवलेली नसते आणि म्हणूनच ती खूप काही सांगून जाते. ८० म्हणजे इंग्रजी ८ नंबर, युरोपीय मापात साधारण ४२. आठला '८०' आणि साडेआठला '८५' लिहायची ही या कंपनीची सवय. 'एफ' ही रुंदी, त्यांच्याकडची नेहमीची. हेही अक्षर कामाचं आहे, कारण नेहमीच्या रुंदीला कुठे 'एफ' म्हणतात, कुठे 'ई', आणि अमेरिकन बुटांत 'डी'. शेवटचा ७३ हा फर्म्याचा क्रमांक. ७३ हा या कंपनीचा गाजलेला जुना फर्मा, ज्याची जागा पुढे १७३ ने घेतली. त्या फर्म्यावरचा, पुढे साधी टोपी असलेला काळा बंद ऑक्सफर्ड म्हणजे त्यांचा 'कॉन्सुल'.

आता काळ. इटलीच्या प्राडाने १९९९ मध्ये चर्चेस विकत घेतली. जुन्या बुटांचे शौकीन सुखतळ्यावरच्या शहरांची संख्या मोजून वय ठरवतात, कारण दुकानं वाढत गेली तशी शहरांची ओळ लांबत गेली. तीन शहरं आणि ७३ चा फर्मा हे दोन्ही प्राडापूर्व काळाकडे बोट दाखवतात. नेमकं वर्ष मात्र यातून सांगता येत नाही आणि सांगूही नये. 'नव्वदच्या दशकाच्या अखेरीआधीचा' हे प्रामाणिक उत्तर. काकांच्या नोकरीचा काळ त्याच्याशी जुळतो का, हे घरच्यांनी पाहावं.

या उदाहरणात निकाल एका मोठ्या नावाने लागला नाही. सुखतळ्याची चार अक्षरं, माप लिहायची सवय, फर्म्याचा क्रमांक आणि बुटाचा घाट या चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच दिशेला गेल्या. त्यांतली एक जरी उलटी गेली असती, समजा आतमध्ये `8 D` असं अमेरिकन पद्धतीने लिहिलेलं असतं, तर थांबून पुन्हा पाहावं लागलं असतं.

अक्षरं आहेत, नाव नाही

प्रत्येक वेळी नाव असं सुचत नाही. हातात तीन-चार अक्षरं किंवा एखादं चिन्ह असतं आणि पुढे वाट नसते. अशा वेळी व्यापारचिन्हांची सरकारी नोंद कामी येते. भारतात व्यापारचिन्हं वर्गवार नोंदवली जातात आणि पादत्राणांचा वर्ग २५ आहे, कपड्यांचाही तोच. नोंदणी कार्यालयाच्या सार्वजनिक शोधाच्या पानावर शब्दचिन्हाच्या शोधात वर्ग २५ द्यायचा, 'नावात ही अक्षरं असलेली चिन्हं' हा पर्याय निवडायचा आणि हाती असलेली अक्षरं टाकायची. सुरुवातीचीच अक्षरं शिल्लक असतील, तर 'या अक्षरांनी सुरू होणारी' हा पर्याय यादी बरीच लहान करतो. प्रत्येक नोंदीसोबत मालकाचं नाव येतं. परदेशी ब्रँडसाठी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या `Global Brand Database` मध्ये असाच शोध घेता येतो.

मालकाचं नाव मिळालं तरी एक फरक लक्षात ठेवावा. ब्रँडचा मालक, बूट बनवणारा आणि तुमच्या शहरात विकणारा हे तिघे वेगळे असू शकतात. 'हश पपीज'चं लांब कानांच्या कुत्र्याचं चिन्ह अमेरिकन कंपनीचं आहे, पण भारतात ते बूट परवान्यावर बाटा विकते. त्यामुळे एकाच ब्रँडच्या इथल्या आणि तिथल्या बुटांचे तळ, माप लिहिण्याची पद्धत आणि सुखतळ्याचा छाप वेगळा असू शकतो. तसा फरक दिसला म्हणून लगेच 'नकली' म्हणायचं कारण नाही.

मग नकली ओळखायचा कसा? नाव आणि चिन्ह यांची नक्कल करणं सोपं असतं, म्हणून तिथे पाहून फार काही कळत नाही. नकली माल चुकतो तो कंटाळवाण्या ठिकाणी. आतला हाताने लिहिलेला किंवा छापलेला क्रमांक नसतोच, किंवा दोन्ही पायांत वेगवेगळा असतो. सुखतळ्यावर एक माप आणि तळावर दुसरं असतं. वेल्टचे टाके वरून दिसतात, पण तळाच्या बाजूला त्यांना जोडीदार टाकेच नसतात. तेव्हा ती पट्टी साच्यातून काढलेली, टाके नुसते दिखाऊ आणि तळ प्रत्यक्षात चिकटवलेला असू शकतो, पण अस्सल बुटातही तळाचे टाके कधीकधी झाकलेले असतात. कडेचा आणि तळाचा असे दोन फोटो शेजारी ठेवले की याचा अंदाज घरबसल्या घेता येतो. उलट बाजूही सांगायला हवी: अस्सल बुटाचा सुखतळा फाटला म्हणून मोच्याने साधा कोरा सुखतळा चिकटवला असेल, तर फोटोत नाव दिसणारच नाही. अशा वेळी नव्या सुखतळ्याची कड हलकेच उचलून खाली जुना आहे का ते पाहावं. बऱ्याचदा असतो.

शिक्का नसलेली जोडी

काही पादत्राणांवर ब्रँड शोधणंच चुकीचं असतं, आणि आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण कोल्हापुरीचं. पारंपरिक कोल्हापुरीचा तळ, टाच, पट्टे सगळं चामड्याचं. चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, जोडणी शिलाईची, खिळ्यांची नाही. तिच्यावर नाव असलंच तर ते बहुधा विकणाऱ्या दुकानाचं असतं. बनवणारा कारागीर एखाद्या गावातल्या घरात बसलेला असतो आणि तो शिक्का मारत नाही. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी. ते मानांकन एका प्रदेशाचं आणि कारागिरीचं आहे, एका कंपनीचं नाही. जून २०२५ मध्ये त्याच प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीच्या धाटणीच्या सँडल दाखवल्या तेव्हा इथे जो गदारोळ झाला, त्याच्या मुळाशी हेच होतं. शिक्का नव्हता, तरी बघताक्षणी लोकांनी घाट ओळखला होता.

म्हणून कोल्हापुरीचा फोटो आला तर 'कुठल्या कंपनीची' ऐवजी 'कशाची आणि कशी जोडलेली' हे पाहावं. कडेने घेतलेल्या फोटोत तळाचे चामडी थर एकावर एक दिसतात का? तळाखाली शिलाई दिसते का? की चामड्यासारखं दिसणारं एकसंध रबर आहे आणि शिलाईची फक्त नक्षी? अशा जोडीबद्दल याहून पुढे फोटो काही सांगू शकत नाही, आणि कुणी ठामपणे नाव सांगत असेल तर तो अंदाजच असतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाला बूट ओळखायला फोटो पाठवाल, तर एक पाठवू नका. दोन्ही सुखतळे आडव्या प्रकाशात, तळाचा मधला निमुळता भाग, कडेची शिलाई आणि आतल्या अस्तरावरचे क्रमांक, एवढे फोटो पाठवा. नवी जोडी घेतली असेल तर हे सगळं पहिल्याच दिवशी टिपून ठेवा, आणि खोक्याच्या ज्या बाजूला उत्पादकाचं नाव, पत्ता आणि मालाचा क्रमांक छापलेला असतो त्या बाजूचाही फोटो घ्या. तीन वर्षांनी 'अगदी अशीच हवी' म्हणून दुकानात जाल, तेव्हा सुखतळ्यावरचं सोनं गेलेलं असेल. दुकानदाराला हवा असतो तो मालाचा क्रमांक, आणि तो मोबाइलमध्ये असेल.